मॅडमच्या निवृत्तीचा अल्बम, चाळीस शब्द आणि १९.६ वर उभी ब्युरेट

शेवरी | १२ मे, रात्री १०.४०

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम या ३१ मेला निवृत्त होत आहेत. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी-बारावी सायन्स. जुन्या मुलामुलींनी मिळून त्यांना एक अल्बम द्यायचं ठरवलंय. प्रत्येकाला एक पान: वर मॅडमचा एक फोटो आणि खाली कॅप्शन. कॅप्शन चाळीस शब्दांच्या आत, त्यातच आपलं नाव आणि बॅच. शुक्रवारी सगळं प्रेसला जाणार.

माझ्या वाट्याला आलेला फोटो जानेवारी २००४ चा, गॅदरिंगच्या आठवड्यात मैत्रिणीने रोलच्या कॅमेऱ्यावर काढलेला. मॅडम लॅबमध्ये ब्युरेटसमोर, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या त्या रेघांच्या काचनळीसमोर, किंचित वाकून उभ्या आहेत. डोळे बरोबर ब्युरेटच्या रेघेला. ॲप्रनच्या खिशापाशी तपकिरी डाग. ब्युरेटच्या तोंडावर फनेल, मागे खिडकी.

मी लिहिलंय ते असं:

“मॅडम, तुम्ही आमच्या आयुष्यातील उत्प्रेरक. स्वतः न बदलता आम्हाला घडवलंत. तुमचा शिस्तीचा आणि प्रामाणिकपणाचा वारसा आम्ही आयुष्यभर जपू. निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा!”

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, पण हे माझ्या पीटीच्या सरांनाही चालेल. तेव्हापासून डोकं चालत नाहीये.

गुळाचा चहा | १२ मे, रात्री ११.०५

ताई, सुंदर लिहिलंय. थोडं वाढवा: “दीपस्तंभ होऊन वाट दाखवलीत, चंदनासारख्या झिजलात, आम्हा पाखरांच्या पंखांना बळ दिलंत.” आणि भाषणाची सुरुवात “व्यासपीठावरील मान्यवर” अशी करू नका, हल्ली लोकांना आवडत नाही. सूत्रसंचालन कोण करणार आहे? माझ्याकडे तयार चारोळ्या आहेत.

शेवरी | १२ मे, रात्री ११.१२

अहो दादा, भाषण नाही, फोटोखालच्या ओळी आहेत. चाळीस शब्द. तुमच्या चंदनातच अकरा गेले.

फाटकी डायरी | १३ मे, सकाळी ७.२०

पंधरा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. आम्ही याला फोटोओळ म्हणायचो आणि रोज रात्री पन्नासेक लिहायचो, म्हणून बोलतो.

तुमच्या मजकुरात एकही गोष्ट अशी नाही जी फक्त त्या मॅडमनाच लागू पडेल. शिस्त, प्रामाणिकपणा, वारसा हे निष्कर्ष झाले. निष्कर्ष काढायला लावणारा प्रसंग काय होता? एखादा तास, एखादा दिवस, त्यांचं एखादं वाक्य. आधी तो प्रसंग इथे लांबलचक लिहा, चाळीस शब्दांचं विसरून. कापायचं काम नंतर.

आणि फोटोत जे दिसतंय ते ओळीत लिहू नका. ब्युरेट दिसतेय, मॅडम दिसतायत. जे कॅमेऱ्याला दिसलं नाही तेवढंच लिहा.

भटका जोगी | १३ मे, सकाळी ८.०२

अवांतर: ३१ मेला निवृत्त म्हणजे जन्मतारीख १ जून असणार! शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी सरळ १ जून टाकून मोकळे. महिन्याच्या एक तारखेला जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. आमच्या पंचायत समितीत दर ३१ मेला हारांचा तुटवडा पडतो. आमच्या वडिलांचीही हीच तारीख, खरा जन्म श्रावणातला.

शेवरी | १३ मे, दुपारी १.३५

@जोगी, मे महिन्यात जन्म असला तरी ३१ मेच येते हो! पण तुमचा अंदाज बरोबर आहे, १ जूनच.

@डायरी, जेवणाच्या सुट्टीत लिहून काढतेय.

सप्टेंबर २००३, बारावी. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. परमँगनेटचं द्रावण मोजकंच बनवलेलं असायचं, म्हणून मॅडमचा नियम होता की दर वेळी ब्युरेट परत शून्यावर भरायची नाही. पन्नास मिलीची ब्युरेट एकदाच भरायची आणि जिथे पहिलं रीडिंग संपलं तिथून दुसरं सुरू करायचं.

पहिलं केलं, ९.८ आलं. दुसरं केलं, तेही ९.८. तिसऱ्यासाठी ॲसिड परत तापवायचं, पिपेट भरायची, आणि माझी पावणेपाचची एसटी. मोठ्या बहिणीच्या जर्नलमध्येही आकडा ९.८ च्याच आसपास होता. मी तिसऱ्या रकान्यात ९.८ लिहिलं आणि सहीला गेले.

मॅडमनी वही हातात घेतली, पण वाचली नाही. वही घेऊन माझ्या टेबलापाशी गेल्या, वाकल्या आणि ब्युरेटकडे पाहिलं. ब्युरेट १९.६ वर उभी. तीन झाली असती तर २९ च्या पुढे हवी होती. वळून म्हणाल्या, “तुझी वही तीनदा म्हणतेय, ब्युरेट दोनदाच म्हणतेय. मी कुणाचं ऐकू?”

ओरडल्या नाहीत. वर्गाला सांगितलं नाही. शेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या आणि मी तिसरं केलं. ९.९ आलं. “लिही,” म्हणाल्या. मी ९.८ खोडून ९.९ लिहिलं, त्या खोडलेल्यावर त्यांनी बारीक सही केली. एसटी गेली. सहाच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून बोटांवरचे तपकिरी डाग घासत होते.

हे बावीस-तेवीस लोकांच्या अल्बममध्ये लिहायचं का? मी चोर दिसेन.

अप्पा लॅबवाले | १३ मे, संध्याकाळी ६.१०

जिवंत केलंत. एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. ब्युरेटकडे बघून पकडणाऱ्या शिक्षिका मी दोनच पाहिल्या, बाकी सगळे वही बघायचे.

आता दोन गोष्टी. पहिली, तो उत्प्रेरक काढा. ज्या प्रयोगाची आठवण सांगताय त्यातच तो चुकीचा ठरतो. आठवा, पहिला थेंब टाकला की जांभळा रंग जाता जात नाही. ॲसिड साठ-सत्तर अंशाला तापवलेलं असूनही चंबू हलवत बसावं लागतं, पोरांना वाटतं संपलं टायट्रेशन. मग थोडं मँगनीज तयार झालं की पुढचे थेंब पडल्या पडल्या विरतात. ते मँगनीज बाहेरून कुणी घालत नाही, त्या क्रियेतूनच येतं आणि तिलाच पुढे ढकलतं. म्हणजे इथला उत्प्रेरक बाहेरून आलेला पाहुणा नव्हे. मॅडम वाचतील आणि पहिल्यांदा हेच म्हणतील.

दुसरी, फोटोत ब्युरेटच्या तोंडावर फनेल आहे म्हणालात. द्रावण भरून झाल्यावर फनेल काढायची असते, नाहीतर तिच्यातला थेंब मागाहून खाली पडतो आणि रीडिंग बिघडतं. म्हणजे ती ब्युरेट कुणा विद्यार्थ्याची आहे आणि मॅडम बहुधा तीच चूक बघतायत. फोटो कापताना वरचा भाग छाटू नका, बघणाऱ्याला गंमत कळेल.

कोकणचा राजा | १३ मे, संध्याकाळी ७.४५

अप्पांशी असहमत. मँगनीज उत्प्रेरक आहेच ना? मग मॅडम म्हणजे मँगनीज. उपमा बसते. शिवाय तीन रीडिंग घेऊन सरासरी काढायची असते. ९.८, ९.८, ९.९ ची सरासरी ९.८३. म्हणजे खोटं रीडिंग लिहिल्याने ताईंचं उत्तर चुकलं असतं. कॅप्शनमध्ये हा मुद्दा घ्या, जोरदार होईल: “एका खोट्या आकड्याने उत्तर चुकतं!”

अप्पा लॅबवाले | १३ मे, रात्री ८.२०

राजे, मँगनीज उत्प्रेरक आहे हे खरं, पण ते तयार होतं विद्यार्थ्याच्या चंबूत. मॅडमना मँगनीज म्हणायचं तर आधी त्यांना चंबूत जन्म घ्यावा लागेल.

सरासरीचं म्हणाल तर आपल्या बोर्डाच्या जर्नलमध्ये सी.बी.आर. लिहितात, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. जे रीडिंग जुळून येतं तेच धरायचं. दोनदा ९.८ आलं की सी.बी.आर. ९.८. आणि ९.८३ कुठून आणलंत? ब्युरेटवर दोन रेघांत ०.१ चं अंतर असतं. शेवटच्या ३ ला तिथे जागाच नाही.

तेव्हा खरी गंमत उलटी आहे. तिसरं खोटं लिहिलं असतं तरी उत्तर ९.८ च राहिलं असतं. मॅडमना ते पहिल्या नजरेतच कळलं असणार. तरी स्टुलावर बसून राहिल्या.

शेवरी | १३ मे, रात्री ९.०१

अप्पा, बावीस वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं ९.९ आलं म्हणजे माझं उत्तर चुकलं असतं आणि त्यांनी ते वाचवलं.

सोनचाफा | १३ मे, रात्री ९.४०

माझा अनुभव सांगते, जपून राहा. आमच्या गणिताच्या सरांच्या निरोप समारंभात ते खडू फेकून मारायचे त्याचा किस्सा मी रंगवून सांगितला. सगळे हसले. सरही हसले. पण पहिल्या रांगेत त्यांच्या सूनबाई आणि दोन नातवंडं होती. नातू मोठ्याने म्हणाला, आजोबा तुम्ही मुलांना मारायचा? पुढचा सगळा वेळ सर खाली बघत बसले. मी घरी जाऊन रडले.

प्रसंग खरा असला तरी तो कुणाच्या अंगावर पडतो ते बघावं. अल्बम त्यांच्या घरी टीपॉयवर राहणार.

फाटकी डायरी | १३ मे, रात्री १०.१५

सोनचाफा, पटलं. पण इथे प्रसंग शेवरीताईंच्याच अंगावर पडतोय. खोटं त्यांनी लिहिलं. मॅडम आवाजही चढवत नाहीत. चोर दिसाल तर दिसा, सतरा वर्षांच्या मुलीला एसटी चुकेल म्हणून सुचलेली चोरी आहे.

अप्पांनी सांगितलेली उलटी गंमत फार चांगली आहे, पण ती ओळीत घेऊ नका. ती समजवायला सी.बी.आर. समजवावा लागेल. मॅडमना ती आपोआप कळेल, बाकीच्यांना प्रसंग पुरेल. ज्याच्यासाठी लिहितो त्याला एक पायरी जास्त कळावी, एवढं ठेवून सोडून द्यायचं.

मसुदा टाका.

शेवरी | १४ मे, सकाळी ६.५०

घ्या:

“सप्टेंबर २००३, बारावीचं प्रॅक्टिकल. माझ्या वहीत तीन रीडिंग, प्रत्येक ९.८. मॅडमनी वहीवरून नजर उचलून ब्युरेटकडे पाहिलं. ‘वही तीनदा म्हणते, ब्युरेट दोनदाच. कुणाचं ऐकू?’ आज बँकेत गोदामं तपासताना आधी माल मोजते, मग रजिस्टर उघडते.”

नाव धरून सदतीस-अडतीस. शेवटचं वाक्य खरं आहे बरं का. मी कर्ज विभागात आहे, तारण मालाची तपासणी करते. रजिस्टरवर पोती किती ते आधी बघितलं की डोळे तेवढीच मोजतात. म्हणून मी आधी थप्प्या मोजते.

गुळाचा चहा | १४ मे, सकाळी ७.३०

वा! डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं वाक्य तर कळस. ते अजिबात काढू नका.

फाटकी डायरी | १४ मे, सकाळी ९.१०

मी तेच काढणार होतो. तीन वाक्यं मॅडमची आणि शेवटचं तुमचं. वाचणारा मॅडमच्या पानावरून उठून तुमच्या बँकेत जातो. आणि “मॅडमनी मला घडवलं” हेच ते वाक्य सांगतंय, फक्त गोदामाचे कपडे घालून. ते समारंभात भेटाल तेव्हा तोंडी सांगा, तिथे ते शोभेल.

दुसरी चूक मोठी आहे. मॅडमनी वहीवरून नजर उचलली असं इथे लिहिलंत. काल म्हणालात की त्यांनी वही वाचलीच नाही, ती घेऊन टेबलापाशी गेल्या. कालचं खरं असेल तर आजचं सिनेमातलं आहे.

तिसरं. फोटो जानेवारीतला, प्रसंग सप्टेंबरातला. फोटोत मॅडम ब्युरेटकडे बघतायत आणि खाली हा प्रसंग, म्हणजे कुणालाही वाटेल की हा त्याच दिवसाचा फोटो. खोट्या रीडिंगच्या आठवणीखाली खोटी तारीख जाऊ देऊ नका. पेपरात आम्ही “संग्रहित” लिहून सुटायचो.

शेवरी | १४ मे, सकाळी ९.३०

नजर उचलल्याचं मीच घातलंय हो. वाक्य बरं वाटलं म्हणून. म्हणजे अजून तिसरा रकाना मनाने भरायची सवय आहे.

बँकेचं वाक्य मात्र काढवत नाहीये.

सोनचाफा | १४ मे, सकाळी १०.०५

माझं मत राहू द्या. शिक्षकाला आपलं पोरगं पुढे काय करतंय हे वाचायला आवडतंच. डायरीकाकांचं पेपराच्या दृष्टीने बरोबर असेल, पण हा अल्बम आहे, पेपर नाही.

अप्पा लॅबवाले | १४ मे, दुपारी १२.४०

त्या वादात मी पडत नाही. पण १९.६ कुठे गेलं? सगळी आठवण त्या आकड्यावर उभी आहे आणि मसुद्यात तोच नाही. ब्युरेट दोनदाच कशी म्हणते हे त्या आकड्याशिवाय कसं कळणार? आणि १९.६ लिहाल तर सुरुवातीचं रीडिंग ०.० होतं हेही लिहा. सुरुवात सांगितल्याशिवाय शेवटच्या आकड्याला अर्थ नाही. मॅडमनी शिकवलं असेलच.

बोटांचे डाग घासून जात नसतात. ज्या ऑक्झॅलिकशी खेळत होतात त्याच्याच पातळ द्रावणाचे दोन थेंब, वर भरपूर पाणी, झालं. लॅबमध्येच विचारायचं होतं. घरी लिंबानेही फिके होतात.

कोकणचा राजा | १४ मे, दुपारी १.२०

एक शंका. ती ब्युरेट की तो ब्युरेट? आमच्याकडे रत्नागिरीला “तो ब्युरेट भर” म्हणायचे.

अप्पा लॅबवाले | १४ मे, दुपारी १.३१

ती.

भटका जोगी | १४ मे, दुपारी २.००

आमच्या मास्तरांच्या तोंडी “ते ब्युरेट” होतं. पिपेट मात्र ती.

फाटकी डायरी | १४ मे, दुपारी ३.१५

अप्पा म्हणतात तो १९.६ हवाच. त्याने मॅडमनी काय पाहिलं ते आपोआप सांगितलं जातं, “पाहिलं” हे क्रियापदही लागत नाही. ०.० बद्दल मी साशंक आहे. चाळीस शब्दांत पाच आकडे म्हणजे मार्कलिस्ट.

प्रेसवाल्याला एक विचारून ठेवा: मजकूर युनिकोडमध्ये घेतो की जुन्या फाँटमध्ये बदलून घेतो. बदलताना आकड्यातला टिंब हरवलेला मी पाहिलाय. १९.६ चं १९६ झालं तर मॅडम ब्युरेट बदलायला सांगतील. प्रूफ बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

शेवरी | १५ मे, रात्री ११.२०

उद्या सकाळी पाठवायचंय. हे शेवटचं:

“सप्टेंबर २००३. माझ्या वहीत तीन रीडिंग: ९.८, ९.८, ९.८. ब्युरेट १९.६ वर. मॅडम म्हणाल्या, ‘वही तीनदा म्हणते, ब्युरेट दोनदाच. कुणाचं ऐकू?’ तिसरं केलं. ९.९ आलं. फोटो जानेवारी २००४ चा.”

खाली नाव आणि बॅच. चाळीसच्या आत बसतंय. बँक काढली, नाइलाजाने. सोनचाफा, तुमचं म्हणणं मनात आहे, समारंभात तोंडी सांगेन. अप्पा, ०.० नाही घेतलं, आकडे फार होत होते. ९.८ दोनदा म्हणजे १९.६ हे मॅडमना सांगायला नको.

“निवृत्तीच्या शुभेच्छा” कुठेच नाहीत हे नवऱ्याने दाखवलं. अल्बमच्या मुखपृष्ठावर आहेत, तेवढं पुरे.

गुळाचा चहा | १६ मे, सकाळी ७.००

ठीक आहे. पण मला आधीचंच आवडलं होतं. चारोळ्या कुणाला हव्या असतील तर सांगा.

शेवरी | १ जून, सकाळी ८.१५

काल समारंभ झाला. हार पुरले, जोगी. प्रूफमध्ये खरंच १९६ झालं होतं, डायरीकाका. दोनदा फोन करून टिंब घालून घेतला.

मॅडमनी अल्बम तिथेच खुर्चीत बसून शेवटपर्यंत पाहिला. माझ्या पानावर आल्या तेव्हा आधी फोटोतल्या फनेलवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ही कुणाची?” मग ओळी वाचल्या. चष्मा काढला. मी बँकेचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

“आणि सुरुवातीचं रीडिंग कुठंय?”

अप्पा लॅबवाले | १ जून, सकाळी ८.२२

🙏